गारठ्यात वाढणारा जंतू

गरोदर बाईला ताप आला की तपासण्यांची एक ठरलेली वाट असते. मलेरिया, डेंग्यू, लघवी, पावसाळ्याचे दिवस असतील तर लेप्टो. सगळं निगेटिव्ह आलं की ताप 'व्हायरल' ठरतो, पॅरासिटामॉलच्या गोळ्या मिळतात आणि बाई घरी जाते. बहुतेक वेळा हे बरोबरच असतं. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे, म्हणजे रुग्णाला न भेटता त्याच्या रक्तालघवीतल्या जंतूंना भेटणारी डॉक्टर. व्हायरल ठरलेल्या त्या तापांमध्ये अधूनमधून एक असा जंतू असतो, की तो आईला जेमतेम ताप आणतो आणि पोटातल्या बाळाचा जीव घेऊ शकतो. त्याचं नाव लिस्टेरिया मोनोसायटोजेनस. तो अन्नातून येतो, आणि त्याच्याबद्दल लिहायचं कारण असं की ज्या फ्रिजच्या भरवशावर आपण अन्न ठेवतो त्या फ्रिजमध्येच तो वाढतो.

एका उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एकतिसावा आठवडा चालू असलेली मुलगी, पहिलटकरीण, आयटी कंपनीत नोकरी. तीन दिवस ताप, अंग मोडून आलेलं, कंबर दुखतेय. बाकी काही नाही. ना खोकला, ना जुलाब. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई सावध होत्या. त्यांनी दाखल करून घेतलं आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी दोन्ही हातांतून रक्त काढून कल्चरला पाठवलं. मग सेफ्ट्रिॲक्सोन सुरू केलं, जे अशा वेळी कुणीही करील.

कल्चरची बाटली यंत्रात ठेवतात. आत जंतू वाढायला लागला की यंत्र वाजतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दोन्ही हातांच्या बाटल्या वाजल्या. आमच्या तंत्रज्ञाने स्लाइड रंगवली आणि मला हाक मारली.

"मॅडम, डिफ्थेरॉइड दिसतायत. कंटॅमिनेशन म्हणून सोडून देऊ का?"

त्याची शंका रास्त होती. डिफ्थेरॉइड हे आपल्या कातडीवर राहणारे निरुपद्रवी जंतू. सुई टोचताना कातडीवरून बाटलीत जातात आणि आमचा वेळ खातात. मायक्रोस्कोपखाली ते जांभळे, आखूड काड्यांसारखे दिसतात, आणि लिस्टेरियाही हुबेहूब तसाच दिसतो. नुसत्या रंगवलेल्या स्लाइडवर या दोघांतला फरक करणं कठीण. पण कातडीवरचा जंतू सहसा एकाच बाटलीत येतो. इथे दोन वेगवेगळ्या हातांतून, दोन वेगळ्या सुयांनी घेतलेल्या रक्तात तोच जंतू होता. आणि फॉर्मवर बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: गरोदर, ३१ आठवडे.

बाटलीतल्या द्रवाचा एक थेंब काचेच्या चकतीवर घेतला, खळगा असलेल्या स्लाइडवर ती चकती उलटी टेकवली आणि थेंब खाली लोंबकळत असताना भिंगाखाली पाहिला. ही जुनी रीत आहे. आता मोठ्या प्रयोगशाळांतून यंत्र जंतूचं नाव सांगतं, पण त्याला वेळ लागतो आणि थेंबाला पाच मिनिटं पुरतात. खोलीच्या तापमानाला लिस्टेरिया अंगभर केसासारख्या शेपट्यांनी पोहतो आणि पोहताना कोलांट्या मारतो, एका टोकावरून दुसऱ्या टोकावर. शरीराच्या तापमानाला ठेवलेल्या बाटलीतून काढल्या काढल्या तो मंद असतो, म्हणून थोडा वेळ टेबलावर ठेवून पाहावा लागतो. डिफ्थेरॉइड हलत नाहीत. थेंबातले जंतू कोलांट्या मारत होते.

दुसऱ्या दिवशी रक्त घातलेल्या प्लेटवर राखाडी, टाचणीच्या डोक्याएवढ्या वसाहती उगवल्या. त्यातली एक सुईने बाजूला सरकवली तेव्हा खाली रक्त विरघळून पारदर्शक झालेला बारीकसा ठिपका दिसला. मऊ आगरच्या दोन नळ्या टोचल्या होत्या. टेबलावर ठेवलेल्या नळीत पृष्ठभागाच्या जरा खाली छत्री उघडल्यासारखी पांढुरकी वाढ झाली. उबदार पेटीतल्या नळीत ती झाली नाही. आता संशयाला जागा नव्हती. पण फोन मी थेंब पाहिल्यावरच केला होता.

त्या फोनवर सांगायची गोष्ट एकच होती: सेफ्ट्रिॲक्सोन या जंतूवर चालत नाही, ॲम्पिसिलिन सुरू करा. सेफ्ट्रिॲक्सोन ज्या घराण्यातलं, त्या सेफॅलोस्पोरिन घराण्यातलं कुठलंच औषध लिस्टेरियावर भरवशाचं नाही. जंतूची भिंत बांधणाऱ्या ज्या प्रथिनाला ही औषधं चिकटतात, त्याला ती लिस्टेरियात नीट पकडू शकत नाहीत. आणि आपल्या रुग्णालयांत कारण न सापडलेल्या तापाला सर्रास दिलं जातं ते नेमकं हेच घराणं. जुनं, स्वस्त ॲम्पिसिलिन इथे काम करतं, तेही शिरेतून, मोठ्या डोसात, किमान चौदा दिवस.

त्याच रात्री तिला कळा सुरू झाल्या. गर्भजल हिरवट आलं. नवव्या महिन्यात बाळाने पोटातच शी केली तर नवल नाही, पण एकतिसाव्या आठवड्यात बाळाचं आतडं सहसा तसं करत नाही. तापलेली आई, अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि हिरवट पाणी, हे तीन एकत्र आले की नवजात शिशुतज्ज्ञांना लिस्टेरिया आठवायला हवा. इथे तो आधीच माहीत होता. बाळ जन्मलं तेव्हा दीड किलोच्या आत होतं, श्वास घ्यायला धडपडत होतं. त्याच्या रक्तातही हाच जंतू सापडला. वारेवर आणि वार कापल्यावर आतही पिवळट पांढरे बारीक ठिपके होते, पुवाचे. बाळाला जन्मल्याबरोबर ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन मिळालं. काही आठवडे ते एनआयसीयूत होतं. मग घरी गेलं.

आई आणि बाळ यांच्या आजारात एवढा फरक का पडतो? लिस्टेरिया पेशीच्या बाहेर फारसा थांबत नाही. आतड्याच्या पेशीत शिरतो, आत वाढतो आणि तिथूनच शेजारच्या पेशीत घुसतो. रक्तातल्या पहारेकऱ्यांच्या तो क्वचितच हाती लागतो. आईची प्रतिकारशक्ती त्याला बऱ्यापैकी आवरते, म्हणून तिला फ्लूसारखा ताप येतो, कधी तोही येत नाही. पण वारेपाशी शरीराला बाळ परकं मानायचं नसतं, म्हणून तिथला पहारा सैल असतो. जंतू तिथे तळ ठोकतो. अमेरिकेच्या आकडेवारीनुसार गरोदर स्त्रीला हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या साधारण दहापट असते, आणि बहुतेक केसेस शेवटच्या तिमाहीतल्या असतात.

बाळ एनआयसीयूत असताना मी त्या मुलीला भेटायला वॉर्डात गेले. एरवी आम्ही वॉर्डात जाऊन असं विचारत बसत नाही, पण अन्नाचा माग काढायचा तर प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवेत. शेजारी तिच्या सासूबाई बसल्या होत्या. मी विचारलं, "अगं, गेल्या महिना-दीड महिन्यात काय काय खाल्लंस, आठवेल तेवढं सांग." ती गोंधळली. "महिना-दीड महिना? मला वाटलं परवा बाहेरचं चाट खाल्लं त्यानं झालं."

चाटने जुलाब झाले असते तर दुसऱ्या दिवशी झाले असते. गरोदरपणात लिस्टेरिया पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुतेक वेळा काही आठवडे जातात, आणि दोन महिन्यांपर्यंतही हा काळ लांबू शकतो. म्हणून 'काल काय खाल्लं' या प्रश्नाला इथे अर्थ नसतो, आणि म्हणूनच नेमका पदार्थ हाती लागणं अवघड जातं. तो संपलेला असतो, डबा कचऱ्यात गेलेला असतो. आम्हालाही नेमका पदार्थ सापडला नाही. सापडल्या त्या चार वाटा, आणि प्रत्येकीवरून हा जंतू पूर्वी आलेला आहे.

पहिली वाट दुधाची. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, गावाकडून गाईचं दूध आणत होतो आम्ही तिच्यासाठी. पिशवीच्या दुधात काय कस असतो? आमच्याकडे पोटुशीला धारोष्ण देतात." इथे त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. प्रेमानेच आणलेलं दूध ते. पण लिस्टेरिया मातीत असतो, शेणात असतो, आणि जनावराच्या पोटात जायची त्याची आवडती वाट मुरघासाची. मुरघास नीट दाबला गेला नाही, कागद फाटला, आत हवा राहिली, तर तो पुरेसा आंबत नाही आणि त्या भागात लिस्टेरिया भरपूर वाढतो. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत दुभत्या जनावरांना मुरघास घालण्याचं प्रमाण वाढलं आहे. चारा म्हणून तो उत्तमच आहे, पण वरचा काळा पडलेला, बुरशी धरलेला थर काढून फेकायचा असतो. गाय दिसायला धडधाकट असते आणि तिच्या शेणातून, कधी थेट दुधातूनही जंतू येत राहतो. कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि जनावरांचा क्षयही येतो, हा वेगळा धोका. शहरातही आता काचेच्या बाटलीतून 'फार्म फ्रेश' दूध घरपोच मिळतं आणि त्यातलं काही पाश्चराइज केलेलं नसतं. ते दूध वाईट नाही. ते तापवलेलं नाही, एवढाच त्याचा दोष. पाश्चराइज करताना दूध ७२ अंश सेल्सियसला पंधरा सेकंद ठेवतात, तेवढ्यात लिस्टेरिया मरतो. उतू जायच्या बेताला येईपर्यंत दूध तापवलं की याहून कितीतरी जास्त उष्णता मिळते. दूध आणलं की आधी तापवायचं ही आपल्या आज्यांची शिस्त या बाबतीत कुठल्याही परदेशी यादीपेक्षा भारी आहे, आणि कुणी 'तापवल्यानं सत्त्व जातं' म्हणालं तरी गरोदरपणात ती सोडू नये.

दुसरी वाट चीजची. तिच्या नवऱ्याला स्वयंपाकाची हौस होती आणि त्याने बायकोला सॅलडमध्ये घालायला मऊ, पांढऱ्या सालीचं कॅमेंबर आणलं होतं. डब्यावर 'पाश्चराइज्ड दूध' असं छापलेलं, म्हणून ते निर्धास्त होते. या प्रकारच्या चीजला वरून पांढरी बुरशी लावतात. चीज मुरत असताना ती बुरशी त्यातलं आम्ल खाऊन टाकते, सालीजवळचा भाग जवळपास आंबट राहतच नाही, आणि ओलावा भरपूर असतो. पाश्चराइज केलेल्या दुधातला जंतू मेलेला असतो हे खरं, पण चीज त्यानंतर बनतं, मुरतं, हाताळलं जातं, आणि त्या दरम्यान एकदा जंतू लागला तर त्याला अशी जागा दुसरीकडे मिळणार नाही. १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या, मऊ चीजमधून साथ पसरली. १४२ लोकांना लागण झाली, त्यातल्या ९३ केसेस गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांच्या होत्या. कारखान्यात पाश्चराइज केलेल्या दुधात कच्चं दूध मिसळलं जात होतं. कठीण चीजचं तसं नाही. ते कोरडं आणि आंबट असतं, तिथे हा जंतू वाढू शकत नाही. आपल्याकडचे चीजचे क्यूब आणि स्लाइस म्हणजे प्रोसेस्ड चीज, ते बनवतानाच वितळवून गरम केलेलं असतं. पिझ्झावरचं मोझरेला भट्टीत उकळलेलं असतं. यांना घाबरायचं कारण नाही.

पनीर मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे मऊ चीज म्हणजे बहुतेक घरांत पनीरच. ते दूध उकळून फाडतात, तेव्हा फडक्यात बांधेपर्यंत ते निर्जंतुकच म्हणायला हरकत नाही. पुढे डेअरीवाल्याच्या ट्रेमधल्या पाण्यात ते दोन दिवस पडून राहतं, त्याच सुरीने दहा जणांना कापून दिलं जातं. पनीर ओलं असतं आणि फारसं आंबट नसतं, म्हणजे जंतूला सोयीचं. ग्रेव्हीत चांगलं उकळलेलं पनीर गरोदर बाईने बिनदिक्कत खावं. सुट्टं विकत आणलेलं पनीर कच्चंच कुस्करून मीठ-मिरपूड घालून खाऊ नये.

तिसरी वाट कापलेल्या फळांची. ऑफिसजवळच्या दुकानातून ती खरबुजाचे तुकडे भरलेला डबा घ्यायची, अर्धा दुपारी खायची, उरलेला ऑफिसच्या फ्रिजमध्ये. कधी दोन दिवस राहायचा. खरबुजाच्या सालीवर जाळी असते, तिच्या खाचांत माती अडकते. सुरी सालीतून आत जाते तेव्हा वरचा जंतू गरावर पोचतो, आणि खरबूज, कलिंगड, पपई यांच्या गरात आंबटपणा जवळपास नसतोच. २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शेतावरच्या खरबुजांतून १४७ जण आजारी पडले आणि ३३ मेले. पॅकिंगच्या जागी जमिनीवर पाणी साचत होतं, यंत्र दुसऱ्या पिकासाठी वापरलेलं आणि साफ करायला अवघड होतं, आणि खरबुजं आधी गार न करता थेट शीतगृहात ठेवल्याने त्यांच्या सालीवर पाणी सुटत होतं. इथे फळ दोषी नाही. अख्खं फळ वाहत्या पाण्याखाली घासून धुवावं, कोरडं पुसावं, मग कापावं आणि लगेच खावं. बाहेर कापून ठेवलेलं फळ, ते बर्फाच्या लादीवर असो नाहीतर वातानुकूलित दुकानाच्या चकचकीत डब्यात, गरोदरपणात नको. पपई 'उष्ण' म्हणून घराघरांत वर्ज्य असते आणि खरबूज 'थंड' म्हणून डबाभर दिलं जातं. या जंतूच्या दृष्टीने दोन्ही सारखीच, प्रश्न फक्त कापून किती वेळ झाला एवढाच.

चौथी वाट उरलेल्या अन्नाची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती प्रत्येक घरात आहे. दोघं नोकरीवाले, रविवारी भाज्या करून ठेवायच्या, बुधवार-गुरुवारपर्यंत पुरवायच्या. दहीभात, कोशिंबीर, सॅलड तसंच गार खायचं. सायीचा डबा आठवडाभर फ्रिजमध्ये, रोज त्यात भर. मी तिच्या नवऱ्याला सांगितलं, की एक थर्मामीटर विकत घ्या, पाण्याने भरलेल्या पेल्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. नुसती हवा मोजली तर दार उघडताच आकडा बदलतो, पाण्यातला आकडा खरा असतो. फ्रिजच्या दारावरचा आकडा ४ दाखवत होता. मधल्या फळीवरच्या पेल्यात ७ निघाले. दाराच्या कप्प्यात १०. उन्हाळ्याचे दिवस, फ्रिज गच्च भरलेला, दाराचं रबर सैल झालेलं आणि दुपारी दोन तास वीज जाणारी.

चारापेक्षा दहा अंश म्हणजे काय मोठा फरक, असं वाटेल. हिशोब करून पाहू. चार अंशांवर लिस्टेरियाला दुप्पट व्हायला साधारण दीड दिवस लागतो. दहा अंशांवर तेच काम सात-आठ तासांत होतं. एका वाटीत शंभर जंतू पडले आणि ती वाटी चार दिवस राहिली असं धरा. चार अंशांच्या फ्रिजमध्ये चार दिवसांनी सहाशेच्या आसपास जंतू असतील. दहा अंशांच्या फ्रिजमध्ये ते बारा वेळा दुप्पट होतील, म्हणजे चार लाख. हा कागदावरचा हिशोब आहे, प्रत्येक पदार्थात वेग कमी-जास्त असतो. पण दुसऱ्या बहुतेक ओळखीच्या जंतूंसाठी हा हिशोब मांडताच येत नाही, कारण अन्नविषबाधा करणारे बहुतेक जंतू चार अंशांवर गप्प बसतात. लिस्टेरिया शून्याच्या आसपासही हळूहळू वाढतो. आणि वाढताना तो वास सोडत नाही, बुळबुळीत होत नाही, चव बदलत नाही. अन्न हुंगून पाहणं ही आपली परीक्षा इथे निकामी ठरते. फ्रीझरमध्ये तो वाढत नाही, पण मरतही नाही.

अन्नातून हा आजार होतो हे पक्कं सिद्ध झालं तेही थंडीमुळेच. १९८१ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांत ४१ जणांना लागण झाली, त्यातल्या ३४ केसेस गरोदरपणाशी निगडित होत्या. माग कोबीच्या कोशिंबिरीपर्यंत गेला. शेतकऱ्याने कोबीला मेंढ्यांचं कच्चं खत घातलं होतं, त्याच्या मेंढ्यांना लिस्टेरिया झालेला होता आणि तो कोबी हिवाळाभर गार कोठारात ठेवला होता. थंडीने इतर जंतू मागे पडले, हा पुढे गेला.

या चार वाटा पाहिल्यावर मी गरोदर मुलींना याद्या देणं सोडलं. त्यांच्याकडे याद्या असतातच. एक सासरची, एक माहेरची, एक मोबाइलवरची, आणि तिन्ही एकमेकींना खोडणाऱ्या. त्याऐवजी मी एक प्रश्न विचारायला सांगते: हा पदार्थ शेवटचा चांगला तापला त्याला किती वेळ झाला, आणि मधल्या वेळात तो गार पडून होता का? कच्चं दूध कधीच तापलेलं नाही. मऊ चीज दूध तापल्यानंतर आठवडे गारठ्यात राहिलेलं असतं. कापलेलं खरबूज तापतच नाही. आठवडाभर जमवलेल्या सायीचं लोणी तसंच पोळीवर घेतलं तर नको, पण त्याच लोण्याचं तूप कढवलं तर बेशक. मोड आलेली मटकी कच्ची नको, तिची उसळ चालेल. फ्रिजमधल्या कणकेची पोळी तव्यावर भाजली जाते, ती चालेल. घरी तापवलेल्या दुधाचं ताजं दही चालेल, आंबटपणा त्याचं रक्षण करतो. काल रात्रीचा भात वेळेवर फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तर आज सकाळी खमंग फोडणी देऊन, वाफ निघेपर्यंत परतून खावा. तोच भात तीन दिवसांनी फ्रिजमधून काढून दह्यात कालवून नको.

तापवणं म्हणजे कोमट करणं नव्हे. पदार्थ आतून बाहेरून ७४ अंशांपर्यंत जायला हवा. घरात ते ओळखायचं कसं, तर आमटीला कढ यावा, भाजीच्या मधोमध चमचा घातला की तिथूनही वाफ यावी. मायक्रोवेव्ह कडा तापवतो आणि मध्य गार ठेवतो, म्हणून मध्येच काढून ढवळून पुन्हा ठेवावं लागतं. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरातच, उथळ डब्यात फ्रिजमध्ये जावं आणि दुसऱ्या दिवशी संपावं. फ्रिज इतका भरू नये की आत हवा खेळणार नाही. रबराच्या खाचा आणि भाजीच्या कप्प्याखाली साचलेलं पाणी पुसावं, हा जंतू तिथे ठाण मांडतो.

आता ज्यांनी हे वाचताना मनात उजळणी केली असेल, 'मागच्या आठवड्यात मी ते चीज खाल्लं', त्यांच्यासाठी. हा आजार दुर्मीळ आहे. एक तुकडा खाल्ल्याने तो होईलच असं मुळीच नाही, बहुतेकांना काहीच होत नाही. काही त्रास नसेल तर ना तपासणी लागते, ना औषध. शौचाची तपासणी करून काही कळत नाही, कारण हा जंतू निरोगी माणसाच्या आतड्यातूनही येऊन जातो. पुढचे दोन महिने तापाकडे लक्ष ठेवायचं, एवढंच. आणि जेवण कमी करायचं नाही. घाबरून दूध, पनीर, फळं सोडून देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या पोटातल्या बाळाला प्रथिनं आणि लोह कमी पडतं, आणि ते नुकसान लिस्टेरियापेक्षा कितीतरी जास्त बायकांचं होतं. दूध तापवून प्यावं, पनीर शिजवून खावं, फळ कापून लगेच खावं.

ताप आला तर मात्र थांबू नये. गरोदरपणात ताप १००.६ फॅरनहाइटच्या वर गेला आणि सर्दी-खोकला, लघवीची जळजळ असं दुसरं कारण दिसत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं आणि गेल्या दोन महिन्यांतलं कच्चं दूध, मऊ चीज, बाहेरचं कापलेलं फळ आपणहून सांगावं. डॉक्टरांना आठवेलच असं नाही.

आणि माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना विनंती अशी. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी दोन्ही हातांतून ब्लड कल्चर घ्या. सेफ्ट्रिॲक्सोन दिल्यावर लिस्टेरियाही झाकला गेला असं मानू नका. आणि लॅबच्या फॉर्मवर 'ताप' एवढंच लिहू नका. 'गरोदर, अमुक आठवडे' असं लिहा. तेवढ्या दोन शब्दांवर आमचा तंत्रज्ञ बाटली टाकून द्यायची की थेंब पाहायचा हे ठरवतो.